घास अडकला, रक्त वाहू लागलं: दोन व्हिडिओंची संहिता



आपल्या ज्येष्ठ मंडळींसाठी प्रथमोपचाराचे दोन छोटे मराठी व्हिडिओ करायचं ठरलं आणि त्यांची संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बरीच वर्षं इथे इस्राएलमध्ये नर्स म्हणून काम केलं, त्यामुळे काय करायचं ते माहीत होतं. पण ते पडद्यावर दाखवायचं कसं, कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, कॅमेरा कुठे जवळ न्यायचा, याचा विचार वेगळाच करावा लागतो. ती संहिताच मी इथे समजावून सांगते आहे. ज्यांना मोबाइलवर व्हिडिओ बघायला त्रास होतो त्यांनी हे वाचलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, व्हिडिओ दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. एक घशात घास अडकण्याचा, दुसरा रक्तस्रावाचा. प्रसंग आल्यावर कोणी व्हिडिओ शोधत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. तो आधी निवांत बघायचा, दोन-तीनदा बघायचा. म्हणून प्रत्येकात एकच प्रसंग आणि एकच क्रम ठेवला आहे.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. हात दाखवताना कॅमेरा मदत करणाऱ्याच्या खांद्यामागून बघतो. समोरून चित्र घेतलं की बघणाऱ्याचा उजवा-डावा गोंधळतो. मागून घेतलं की पडद्यावरचा हात आपलाच हात वाटतो.

पहिला व्हिडिओ: घशात घास अडकला तर

दृश्य १. शाब्बाथचं जेवण चाललं आहे. आजोबा मटणाचा तुकडा नीट न चावता गिळतात आणि एकदम बोलायचे थांबतात. सून विचारते, "घशात अडकलं का?" इथे कॅमेरा आजोबांच्या चेहऱ्याजवळ जातो आणि थांबतो. घाई करायची नाही, कारण पुढचं सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आजोबा "हो" म्हणाले, किंवा जोरात खोकू लागले, तर श्वासाची वाट अजून उघडी आहे. तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. "खोका, खोका" म्हणायचं आणि शेजारी उभं राहायचं. त्यांचा स्वतःचा खोकला आपल्या कोणत्याही थापेपेक्षा चांगलं काम करतो.

पण तोंड उघडं आहे आणि आवाज येत नाही, खोकला येतोय पण मुका येतोय, हात गळ्याकडे गेला आहे, ओठ निळसर पडत आहेत, तर वाट बंद झाली आहे. आता थांबायचं नाही. हा फरक दिसावा म्हणून दोन्ही चेहरे एकापाठोपाठ एक दाखवले आहेत, एक आवाजासकट आणि एक पूर्ण शांततेत. गुदमरणारा माणूस आरडाओरडा करत नाही. तो गप्प होतो. कित्येकदा लाजेने उठून आतल्या खोलीत जातो. त्याला एकटं जाऊ देऊ नका.

दृश्य २. फोन. घरात दुसरं कोणी असेल तर त्याने लगेच १०१ लावायचा, म्हणजे मागेन दाविद आदोम. तुम्ही एकटेच मदतीला असाल तर फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवायचा आणि हात कामाला लावायचे. मदतीसाठी त्या माणसाला सोडून बाहेर पळायचं नाही. फोनवर हिब्रू सुचत नसेल तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द येतात: "मिशेहू नेखनाक", म्हणजे कोणीतरी गुदमरतंय. मग पत्ता. शाब्बाथ आहे म्हणून थांबू नका. जीव वाचवण्यासाठी शाब्बाथला फोन करायची मोकळीक आहेच, आणि इथे प्रश्न मिनिटांचा आहे.

दृश्य ३. पाठीवर ५ थापा. सून आजोबांच्या बाजूला, जरा मागे उभी राहते. एक हात त्यांच्या छातीवर आधाराला ठेवते आणि त्यांना कंबरेतून चांगलं पुढे वाकवते. इथे कॅमेरा दुसऱ्या हातावर जातो. बोटं वर उचललेली, तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग खाली. तो दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या बरोबर मधे बसला पाहिजे. थाप जोरदार आणि एकेक वेगळी. प्रत्येक थापेनंतर बघायचं, घास सुटला का? सुटला तर पुढची थाप मारायची नाही.

वाकवणं हे या दृश्यातलं खरं काम आहे. आपल्याकडे ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणून टाळूवर थापटायची सवय आहे. कोणीतरी आठवण काढतंय असंही म्हणतो आपण. साध्या ठसक्याला त्याने बिघडत नसेल, पण घास अडकलेला असताना मान वर केली तर तो सुटला तरी पुन्हा आतच घसरतो. पुढे वाकवलं तर तो तोंडाच्या दिशेने येतो. म्हणून व्हिडिओत "वर बघ" वर मोठी लाल फुली मारली आहे.

दृश्य ४. पोटावर ५ झटके. थापांनी सुटलं नाही तर मागे उभं राहायचं आणि दोन्ही हात कंबरेभोवती घालायचे. हे सगळ्यात जवळून घेतलेलं चित्र आहे, कारण चूक इथेच होते. एक मूठ वळायची, अंगठ्याची बाजू पोटाकडे. जागा बेंबीच्या वर आणि छातीचं मधलं हाड जिथे संपतं त्याच्या खाली. हाडावर नाही, बरगड्यांवरही नाही. दुसऱ्या हाताने ती मूठ पकडायची आणि आत व वर असा एकदम झटका द्यायचा. फुप्फुसात राहिलेली हवा खालून दाबली जाते आणि बाटलीचं बूच उडावं तसा घास बाहेर ढकलला जातो. अमेरिकन डॉक्टर हेन्री हाइम्लिक यांनी १९७४ साली ही पद्धत मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे.

५ थापा, मग ५ झटके, पुन्हा ५ थापा. घास सुटेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा.

आजोबा खुर्चीतून उठू शकत नसतील तर? तर उठवायचं नाही. थापा बसल्या बसल्या पुढे वाकवून देता येतात. झटक्यासाठी खुर्चीच्या मागून हात घालायचे. चाकाची खुर्ची असेल तर आधी ब्रेक लावायचा, नाहीतर खुर्ची आपल्याच अंगावर येते. पोट फार मोठं असेल, हात पोहोचत नसतील, तर मूठ छातीच्या मधल्या हाडावर ठेवून सरळ मागे ओढायची.

दृश्य ५. बेशुद्ध झाले तर. हळूच जमिनीवर पाठीवर झोपवायचं. १०१ आधी लावला नसेल तर आता लावायचा. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोरात दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल इतकं. तुम्ही थकला असाल तर कोणाला तरी बदली घ्या, पण हात थांबवू नका. फोनवरचा माणूस तुमच्याबरोबर मोजतो. तोंडात घास किंवा सुटलेली कवळी डोळ्यांना दिसत असेल तरच काढायची. दिसत नसताना बोट घालून चाचपडलं तर घास आणखी खोल जातो.

दृश्य ६. एकटे असाल तर. आपल्यापैकी अनेक जण एकटे राहतात, म्हणून हे दृश्य वेगळं ठेवलं. बोलता आलं नाही तरी १०१ लावा, किंवा गळ्यातलं मदतीचं बटण, लखत्सान मेत्सुका, दाबा. मग दाराचं कुलूप काढा आणि स्वतःच्या मुठीने त्याच जागी आत व वर झटके द्या. जोर पुरत नसेल तर भक्कम खुर्चीच्या पाठीच्या कडेवर पोटाचा तोच भाग टेकवून अंग झोकून द्या.

दोन इशारे या व्हिडिओच्या शेवटी येतात. पहिला, पोटावरचे झटके धडधाकट माणसावर सराव म्हणून द्यायचे नाहीत. व्हिडिओतही माणसावर फक्त मुठीची जागा दाखवली आहे, झटका उशीवर. दुसरा, घास निघाला आणि आजोबा हसले तरी ज्यांना झटके दिले त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. झटक्याने आत मार बसलेला असू शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आतला रक्तस्राव सहज थांबत नाही. खोकला राहिला किंवा गिळताना अडकल्यासारखं वाटत राहिलं तरी दाखवायलाच हवं.

आणि माशाचा काटा? ती वेगळी गोष्ट आहे. काटा टोचला तर माणूस बोलतो, श्वास घेतो, फक्त गिळताना दुखतं. त्याला थापा नाहीत, झटके नाहीत. कोकणातली आपली रीत कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायची. तेही नको. काटा त्याने खाली जाण्याऐवजी आणखी रुततो. काही खायला न देता डॉक्टरकडे जायचं.

दुसरा व्हिडिओ: रक्त वाहू लागलं तर

रक्तस्रावाच्या व्हिडिओसाठी सुरीने बोट कापल्याचा प्रसंग घेता आला असता. मी मुद्दाम दुसरा घेतला, कारण तो आपल्या वयात होतो आणि लोकांना तो माहीत नसतो. पायावरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा आपल्यापैकी कित्येकांना आहेत. घोट्याच्या आसपास त्यांच्यावरची कातडी कागदासारखी पातळ होते. गरम पाण्याने अंघोळ करताना किंवा टॉवेलने पुसताना अशी एखादी शीर फुटते. दुखत नाही. बाई खाली बघते तर पाणी लाल. उभ्या माणसाच्या पायातल्या शिरेत वरच्या सगळ्या रक्ताचा दाब येतो, म्हणून एवढ्याशा भोकातून धार लागते. पायात त्राण उरत नाही, चक्कर येते. बसून राहिलं तरी धार चालूच राहते. पण आडवं होऊन पाय वर घेतला की हाच दाब जवळजवळ नाहीसा होतो.

दृश्य १. आजी न्हाणीघरात ओरडते. मुलगी येते. पहिलं काम नळ बंद करणं नाही, फोन नाही, फरशी पुसणंही नाही. पहिलं काम हात. हाताला येईल ते स्वच्छ कापड घ्यायचं, छोटा टॉवेल चालेल. घरात मोजे नसतील तर हातात स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. आणि जिथून रक्त येतंय नेमकं तिथे दाबायचं. कॅमेरा इथे जवळ येतो आणि आधी चुकीची पद्धत दाखवतो: मोठा टॉवेल पायाभोवती सैल गुंडाळलेला, आणि त्यातून लाल डाग पसरतोय. टॉवेलने रक्त झाकलं गेलं, थांबलं नाही. मग बरोबर पद्धत: कापडाची छोटी घडी, तिच्यावर दोन बोटं किंवा तळहाताचा जाड भाग, आणि कोपर सरळ ठेवून अंगाचा भार. रक्त भोकातून येतं, म्हणून जोर भोकावर हवा.

दृश्य २. हात न काढता आजीला तिथेच जमिनीवर आडवं करायचं. पलंगापर्यंत चालवत न्यायचं नाही. पाय उलट्या बादलीवर किंवा स्टुलावर, छातीपेक्षा उंच.

दृश्य ३. फोन १०१. हिब्रूत "दिमुम खझाक", म्हणजे जोराचा रक्तस्राव. आजी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर तेही सांगायचं: "मेदालेलेई दाम". कुमादिन, एलिक्विस, झारेल्टो ही नावं ओळखीची असतील. कुपत खोलिमने दिलेल्या औषधांची यादी फ्रिजवर लावून ठेवली असेल तर अशा वेळी शोधाशोध होत नाही.

दृश्य ४. घड्याळ. दहा मिनिटं सलग दाबायचं. गोळी चालू असेल तर त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मधे कापड उचलून "थांबलं का?" बघायचं नाही. रक्ताची गुठळी तिथे कोवळ्या सायीसारखी धरत असते. कापड उचललं की ती निघून येते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

इथे व्हिडिओची एक अडचण होती. पडद्यावर दहा मिनिटं नुसता हात कोण बघणार? कापून दहा सेकंद दाखवली तर लोकांना वाटेल रक्त दहा सेकंदात थांबतं. म्हणून कोपऱ्यात घड्याळ ठेवलं आहे आणि चित्र कापताना काटा पुढे सरकलेला दिसतो. २ मिनिटं, ५ मिनिटं, ८ मिनिटं. मुलीचा हात प्रत्येक वेळी त्याच जागी आहे. वाहिलेलं रक्त कापडातून वर आलं तर खालचं कापड काढत नाही. आधी बोट बरोबर जागेवर आहे का बघते, मग त्यावर दुसरी घडी ठेवून जास्त जोराने दाबते.

दृश्य ५. रक्त थांबल्यावर त्याच घडीवर पट्टी घट्ट बांधायची. मग कॅमेरा आजीच्या पायाच्या बोटांवर. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर पट्टी जास्त आवळली गेली, थोडी सैल करायची. आजीला लगेच उभं करायचं नाही. रक्त थांबलं तरी डॉक्टरने ती शीर बघायलाच हवी, कारण ती पुन्हा फुटते. तिच्यावर आता उपचार होतात.

आजी एकटी असती तर? तिने पहिल्याच क्षणी जमिनीवर बसायचं, हाताने दाबायचं, मग पाठ टेकून पाय टबच्या काठावर किंवा भिंतीला वर लावायचा आणि बटण दाबायचं. बटण अंघोळीला जाताना काढून ठेवायचं नसतं, ते याचसाठी.

आता इशारे. जखमेवर हळद नाही, कॉफीची पूड नाही, नुसता कापूसही नाही. रक्त त्यांनी थांबत नाही, उलट जखमेत अडकलेलं सगळं नंतर डॉक्टरला काढावं लागतं. काचेचा तुकडा किंवा काही रुतलेलं असेल तर उपटायचं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. आतली वस्तूच कधी कधी बुचासारखी रक्त अडवून असते.

सगळ्यात मोठा इशारा दोरी-पट्ट्याचा आहे. इथे सैनिकांकडे असलेली रक्त रोखायची पट्टी, खासाम ओर्कीम, सगळ्यांनी बघितली आहे. त्यामुळे रक्त दिसलं की वर पट्टा बांधायचा असं वाटतं. आजीच्या पायावर साडीची नाडी किंवा चामडी पट्टा जेमतेम घट्ट बांधला तर उलटंच होतं. वर परत जाणाऱ्या शिरा दबतात, पण खोलवरच्या धमनीतून रक्त खाली येतच राहतं. ते त्या भोकातून आणखी जोरात बाहेर येतं. शिरेच्या रक्तस्रावाला बोटाचा दाब आणि वर उचललेला पाय पुरतो.

खासाम ओर्कीम हवा तो हातापायाच्या अशा जखमेला, जिथे लाल भडक रक्त ठोक्याठोक्याने उडतं आणि जोराने दाबूनही थांबत नाही. खरी पट्टी असेल आणि ती वापरायला शिकलेला माणूस असेल तर ती जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायची. दुखेल, तरी सैल करायची नाही. वेळ लिहून ठेवायची. पट्टी नसेल तर दोन्ही हातांनी दाबत राहायचं आणि १०१ची वाट बघायची.

शेवटी ज्याचं रक्त दिसत नाही तो रक्तस्राव. रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला, टेंगूळही नाही आलं, छान बोलतोय, तरी त्याच दिवशी इस्पितळात दाखवायचं. आत रक्त हळूहळू साठतं आणि लक्षणं काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतात. आणि या सगळ्याची भीती वाटून गोळी मनाने बंद करायची नाही. ती ज्यासाठी दिली आहे तो धोका वेगळा आणि मोठा आहे. डॉक्टरला विचारूनच बदल.

दोन्ही व्हिडिओंच्या शेवटच्या चित्रात एक पान दिसतं. ते थांबवून उतरवून घ्या, किंवा इथूनच घ्या. मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. तुमची मेटापेलेत मराठी वाचत नसेल तर नातवंडांकडून तिच्या भाषेतही लिहून घ्या:

घास: विचारा. खोकतोय तर खोकू द्या. आवाज नाही तर १०१, पुढे वाकवा, ५ थापा, ५ झटके, पुन्हा तसंच. बेशुद्ध झाला तर जमिनीवर झोपवून छाती दाबा.

रक्त: नेमकं भोकावर दाबा. आडवं करा. पाय वर. १०१. घड्याळ लावून दहा मिनिटं, मधे बघायचं नाही.

खाली घराचा पत्ता हिब्रूत लिहा, मजला आणि दाराच्या कोडसकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही, आणि रुग्णवाहिका खालच्या बंद दाराशीच अडकते.